यात्रा की पाटी? धापेवाड्याचा व्हिडिओ आणि प्रेक्षक कोणत्या दाराने आले याचा शोध

१.
#थ्रेड

आषाढी पौर्णिमेला कळमेश्वर तालुक्यातील धापेवाड्यात यात्रा भरते. कोलबास्वामींच्या नावाशी जोडलेले येथील विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर चंद्रभागा नावाच्याच नदीकाठी आहे आणि या गावाला विदर्भाचे पंढरपूर म्हणतात. कल्पना करा, यात्रेच्या आठ दिवस आधी तेथील एका पेढेवाल्याने दुकानाची पाटी बदलली. पौर्णिमेला त्याची विक्री दुपटीहून अधिक झाली. आता त्याने श्रेय नव्या पाटीला द्यायचे की यात्रेला?

पेढेवाला या प्रश्नावर हसेल, कारण यात्रा त्याच्या डोळ्यांसमोर असते. यूट्यूबवर इतिहास सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना मात्र यात्रा दिसत नाही. दिसतो तो फक्त गल्ला.

२.
ही चूक आमच्या हातून झालेली आहे. मी आणि माझा एक मित्र कळमेश्वर परिसराच्या इतिहासावर एक छोटे चॅनेल चालवतो. त्यावर धापेवाड्याचा एक व्हिडिओ होता. शीर्षक साधे होते : «धापेवाडा : विठ्ठल मंदिराचा इतिहास». २०२५ च्या जूनअखेरीस आम्ही ते बदलून «विदर्भाच्या पंढरपूरचे कधीही न सांगितलेले रहस्य» असे केले. महिनाभरात व्ह्यूज दुपटीच्या पुढे गेले.

मित्र म्हणाला, "अबे, टायटलनंच काम केलं ना! आता साऱ्याच व्हिडिओंचे टायटल बदलून टाकू."

आणि आम्ही बदलायला सुरुवात केली. ज्या व्हिडिओंत रहस्य असे काहीच नव्हते, त्यांनाही रहस्य चिकटवले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे जड जायला हवे होते. पण समोर पुरावा होता, किंवा तसे आम्हाला वाटत होते.

३.
आमची चूक मोजणीत नव्हती. व्ह्यूज खरोखरच वाढले होते. चूक होती ती साधनचिकित्सेत. एखादी बखर हाती आली की आपण आधी विचारतो : हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, ही माहिती लेखकापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचली? व्ह्यूजच्या आकड्याला आम्ही हा प्रश्न विचारलाच नाही. प्रेक्षक कोणत्या वाटेने आला, हे न पाहताच त्याला आमच्या शीर्षकाचा साक्षीदार ठरवून मोकळे झालो.

शीर्षक, वर्णन, टॅग आणि थंबनेल यांना मिळून व्यवहारात मेटाडेटा म्हणतात. मेटाडेटातील बदल फळला की नाही, याचे उत्तर एकूण व्ह्यूजमध्ये सापडत नाही. ते सापडते प्रेक्षकांच्या वाटा वेगळ्या केल्यावर. या थ्रेडमध्ये त्या वाटा एकेक करून पाहू.

४.
आधी थोडा इतिहास, कारण या वाटा एकाच काळात सारख्या महत्त्वाच्या नव्हत्या.

यूट्यूब २००५ मध्ये सुरू झाले. त्या काळी व्हिडिओ शोधून काढण्यासाठी शब्दांचा मोठा आधार होता. चढवणारा टॅग लिहीत असे, पाहणारा शब्द टाइप करीत असे आणि दोघांची गाठ पडत असे. आपल्या ग्रंथालयातील विषयसूचीसारखाच हा प्रकार. मेटाडेटा म्हणजे टॅग, ही समजूत त्या काळातून आलेली आहे. आज यूट्यूब स्वतःच सांगते की व्हिडिओ शोधला जाण्यात टॅगचा वाटा अगदी कमी आहे. एखादे नाव लोक वारंवार चुकीच्या स्पेलिंगने लिहीत असतील, तर तेवढ्यापुरते ते उपयोगी पडतात.

५.
२०१२ मध्ये मोठा बदल झाला. क्लिक किती झाले यापेक्षा व्हिडिओ किती वेळ पाहिला गेला, याला शिफारशींमध्ये अधिक वजन दिले जाऊ लागले. त्यामागचे कारण सरळ होते. भडक थंबनेल लावून क्लिक मिळवणे सोपे असते, पण फसलेला प्रेक्षक दहा सेकंदांत निघून जातो.

२०१६ मध्ये पॉल कव्हिंग्टन, जे अ‍ॅडम्स आणि एमरे सार्गिन या यूट्यूबच्या अभियंत्यांनी शिफारस यंत्रणेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. यंत्रणा दोन टप्प्यांत काम करते, असे त्यांनी मांडले. पहिल्या टप्प्यात लाखो व्हिडिओंमधून काहीशे निवडले जातात. दुसऱ्या टप्प्यात त्यांची क्रमवारी लागते आणि तिथे क्लिक होईल का यापेक्षा किती वेळ पाहिले जाईल, या अंदाजाला महत्त्व असते.

आपल्या प्रश्नासाठी यातून इतकेच लक्षात ठेवायचे : शब्द जुळवणारे एक दार आहे आणि प्रेक्षकाच्या सवयी जुळवणारी दोन दारे आहेत. शीर्षकातील एकच बदल या तिन्ही दारांवर वेगवेगळा परिणाम करतो.

६.
ही तीन दारे यूट्यूब स्टुडिओत नावानिशी दिसतात.

`YouTube search` म्हणजे सर्च. प्रेक्षकाने शब्द टाइप केले आणि निकालांतून आपला व्हिडिओ उघडला. इथे प्रेक्षक प्रश्न घेऊन आलेला असतो.

`Suggested videos` म्हणजे सजेस्टेड. प्रेक्षक दुसराच व्हिडिओ पाहत होता. त्याच्या बाजूला, खाली किंवा नंतर आपला व्हिडिओ सुचवला गेला. इथे तो शेजाऱ्याच्या घरून आलेला असतो.

`Browse features` म्हणजे ब्राउझ. यात यूट्यूब उघडल्यावर समोर येणारे होम पान आणि सबस्क्रिप्शनची यादी मुख्यत्वे येतात. इथे प्रेक्षकाने काही विचारलेले नसते. तो नुसता बाजारातून फिरत असतो आणि पाटी पाहून थांबतो.

७.
एक बारकावा इथेच सांगून ठेवतो, कारण तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. गुगलवर शोधून आलेला प्रेक्षक `YouTube search` मध्ये मोजला जात नाही. तो `External` या गटात जातो. बाहेरच्या संकेतस्थळांवरून आणि अ‍ॅपवरून आलेले लोकही तिथेच असतात, आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात कोणी दुवा टाकला तर तेथून येणारेही. म्हणून "सर्च वाढला नाही, म्हणजे कोणी शोधलेच नाही" असे म्हणण्यापूर्वी `External` उघडून आत काय आहे ते पाहावे लागते.

८.
आता धापेवाड्याचा हिशेब. वाचताना मनातल्या मनात भागाकार करता यावा म्हणून खालील आकडे गोल आणि उदाहरणादाखल धरले आहेत. ते आमच्या चॅनेलची नोंदवही म्हणून वाचू नयेत.

शीर्षक २८ जून २०२५ रोजी बदलले. आधीचे २८ दिवस म्हणजे ३१ मे ते २७ जून. नंतरचे २८ दिवस म्हणजे २८ जून ते २५ जुलै. दोन्ही बाजूंना पूर्ण चार आठवडे घेतले, म्हणजे शनिवार-रविवार सारखे आले.

आधी : एकूण १,००० व्ह्यूज. सर्च ३००, सजेस्टेड ३५०, ब्राउझ २००, इतर १५०.

नंतर : एकूण २,२०० व्ह्यूज. सर्च १,१००, सजेस्टेड ५००, ब्राउझ २५०, इतर ३५०.

वाढ १,२०० ची. यातले शीर्षकाचे किती?

९.
पहिले दार, सर्च. ३०० वरून १,१००, म्हणजे एकट्या सर्चने ८०० व्ह्यूजची भर घातली. घाईने पाहणारा म्हणेल, नवे शीर्षक सर्चमध्ये चालले. इथे थांबून स्टुडिओत `YouTube search` या ओळीवर क्लिक करावे. प्रेक्षकांनी कोणते शब्द टाइप केले, त्याची यादी उघडते.

शीर्षकाने काम केले असते, तर त्यात नव्या शीर्षकातले शब्द दिसले असते. यादीत होते "धापेवाडा", "धापेवाडा यात्रा", "dhapewada vitthal mandir". "रहस्य" कुठेच नव्हते. असणार तरी कसे? ज्याला एखादे रहस्य ठाऊकच नाही, तो ते शोधायला कशाला जाईल? माणूस नाव शोधतो. आणि धापेवाड्याचे नाव तर आम्ही शीर्षकातून काढून टाकले होते. वर्णनात ते होते, व्हिडिओत ते उच्चारले जात होते, म्हणून निकालांत आम्ही टिकून राहिलो, एवढेच.

१०.
मग ८०० आले कुठून? पंचांग उघडा. २०२५ मध्ये आषाढी एकादशी ६ जुलैला होती आणि पौर्णिमा १० जुलैला. आमचा नंतरचा काळ नेमका यात्रेवर येऊन बसला होता.

अंदाज पक्का करण्यासाठी इम्प्रेशन्स पाहायचे. थंबनेलचा किमान निम्मा भाग एक सेकंदाहून अधिक वेळ पडद्यावर दिसला की एक इम्प्रेशन मोजले जाते. म्हणजे पाटीवरून किती जण गेले, याची ही मोजणी. त्यांपैकी शेकडा किती आत आले, तो क्लिकदर.

उदाहरणात सर्चचे इम्प्रेशन्स आधी ५,००० आणि क्लिकदर ६ टक्के धरू; ३०० व्ह्यूज. नंतर इम्प्रेशन्स २७,५०० आणि क्लिकदर ४ टक्के, १,१०० व्ह्यूज.

चित्र पालटले. विचारणारे साडेपाचपट झाले, आणि पाटी पाहून आत येणाऱ्यांचे प्रमाण मात्र घटले. व्ह्यूज वाढले ते शीर्षकामुळे नव्हे; यात्रेमुळे वाढले आणि शीर्षक तसे असूनही वाढले.

११.
पण इथेही घाई नको. क्लिकदर ६ वरून ४ वर आला, याचा सगळा दोष नव्या शीर्षकाला देणेही तितकेच चूक ठरेल. जूनमध्ये धापेवाडा शोधणारा बहुधा इतिहासासाठी शोधत असतो. जुलैमध्ये शोधणाऱ्याला यात्रेची तारीख हवी असते, रस्ता हवा असतो, दर्शनाची वेळ हवी असते. त्याने आमचा व्हिडिओ पाहून पुढे जाणे स्वाभाविक आहे. प्रश्न विचारणारा समूहच बदलला, की क्लिकदर शीर्षकाला हात न लावताही बदलतो.

त्यामुळे या आकड्यावरून "शीर्षक वाईट" असा निकाल देता येत नाही. "सर्चमधील वाढीचे श्रेय शीर्षकाला देता येत नाही" एवढाच देता येतो. दोन्ही विधानांत फरक आहे.

१२.
यात्रेचा परिणाम वेगळा काढायचा तर दुसरे साक्षीदार बोलवावे लागतात. आपल्याच चॅनेलवरचे, ज्यांना हात लावलेला नाही असे व्हिडिओ.

समजा विदर्भातील वारीवर एक व्हिडिओ आहे. शीर्षक जुनेच. त्याचा सर्च २०० वरून ७२० झाला, म्हणजे सुमारे ३.६ पट. धापेवाड्याचा सर्चही ३.७ पटच झाला होता. शीर्षक न बदललेला व्हिडिओ तितकाच वाढला असेल, तर बदलाच्या वाट्याला उरते काय?

दुसरा साक्षीदार अदासा. तेथील गणपतीवरचा व्हिडिओ याच चॅनेलवर, याच परिसराचा. त्याचा सर्च १५० वरून १६०. याचा अर्थ चॅनेललाच एकदम बरकत आली किंवा यूट्यूबने काही बदल केला, असेही नाही. वाढ विठ्ठलाची होती, चॅनेलची नव्हती.

एक साक्षीदार त्याच ऋतूतला आणि एक ऋतूबाहेरचा. छोट्या चॅनेललाही इतके सहज जमते.

१३.
इथे कोणी म्हणेल, मग गेल्या वर्षीच्या त्याच तारखांशी तुलना करा. इतिहासाच्या व्हिडिओंत हा सल्ला फसवा ठरू शकतो. आपले सण इंग्रजी तारखांना बांधलेले नाहीत. आषाढी एकादशी २०२४ मध्ये १७ जुलैला होती, २०२५ मध्ये ६ जुलैला. ११ दिवसांचा फरक. जुलैचा पहिला पंधरवडा घेतला, तर एका वर्षी एकादशी त्यात आहे आणि दुसऱ्या वर्षी नाही. तुलना तिथीशी करायची : एकादशीच्या आधीचे १४ दिवस आणि नंतरचे १४ दिवस, दोन्ही वर्षी.

आणि प्रत्येक यात्रा पंचांगात सापडेलच असे नाही. «छावा» चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. त्या आठवड्यात कोणी संभाजी महाराजांवरील जुन्या व्हिडिओचे शीर्षक बदलले असेल, तर त्याला स्वतःच्या बदलाचा परिणाम चित्रपटाच्या लाटेतून वेगळा काढता येणे फार कठीण. गुगल ट्रेंड्समध्ये `YouTube Search` हा पर्याय निवडला की अशा मोठ्या शब्दांची लाट दिसते. धापेवाड्यासारख्या छोट्या नावासाठी तेथे पुरेसा विदा मिळत नाही. अशा वेळी "विठ्ठल" किंवा "आषाढी" असा मोठा शब्द घेऊन अंदाज बांधावा.

१४.
दुसरे दार, सजेस्टेड. ३५० वरून ५००, म्हणजे १५० ची वाढ. या ओळीवर क्लिक केले की कोणत्या व्हिडिओंच्या शेजारून प्रेक्षक आले, त्याची यादी मिळते.

आपल्या उदाहरणात यादीच्या माथ्यावर एका मोठ्या चॅनेलचा वारीवरचा नवा व्हिडिओ आहे आणि त्या एकट्याने १५० प्रेक्षक पाठवले आहेत. तो वगळला तर उरतात तेच ३५०. म्हणजे आमच्या घरात काहीच बदलले नव्हते. शेजारच्या घरी मंगलकार्य निघाले, त्यातले काही पाहुणे आमच्याकडे चहाला आले.

शीर्षकाचा परिणाम असता तर वाढ अनेक शेजाऱ्यांकडून थोडी थोडी आली असती. सगळी वाढ एकाच शेजाऱ्याकडून आली असेल, तर आधी त्या शेजाऱ्याची प्रकाशन-तारीख पाहावी.

१५.
तिसरे दार, ब्राउझ. २०० वरून २५०. तिन्हींत सर्वांत छोटी वाढ, आणि शीर्षकाचा खरा हात असलाच तर तो इथेच. कारण इम्प्रेशन्स दोन्ही काळांत ५,०००. बदलला तो फक्त क्लिकदर, ४ टक्क्यांवरून ५ वर. पाटीवरून तितकेच लोक गेले, पण आत अधिक आले. थंबनेल आम्ही बदलले नव्हते, म्हणून संशय शीर्षकावरच येतो. दोन्ही एकाच दिवशी बदलले असते, तर श्रेय कोणाचे हे कधीच कळले नसते.

५,००० इम्प्रेशन्सवर हा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता कमी आहे. इम्प्रेशन्स ५०० असते तर २० क्लिकचे २५ झाले असते, आणि पाच माणसांवरून काही ठरवण्यात अर्थ नसतो. टक्केवारी दोन्हीकडे तीच दिसते. तिच्यामागे माणसे किती, हे विचारायला हवे.

१६.
मग ब्राउझपुरते तरी रहस्य जिंकले का? अजून एक रकाना पाहायचा आहे : सरासरी किती वेळ पाहिले.

आधी ब्राउझमधून आलेला प्रेक्षक सरासरी ४ मिनिटे थांबत होता असे धरू. २०० जणांची ८०० मिनिटे. नंतर तो अडीच मिनिटे थांबू लागला. २५० जणांची ६२५ मिनिटे.

आत येणारे वाढले, पण एकूण पाहिलेला वेळ घटला. रहस्याच्या ओढीने आलेल्याला मंदिराचा इतिहास ऐकायला मिळाला आणि तो उठून गेला. २०१२ चा बदल आठवा. यंत्रणा क्लिकपेक्षा वेळेला महत्त्व देते. यूट्यूबचे तुलना-चाचणीचे साधन एकाच व्हिडिओची तीनपर्यंत थंबनेल आपसांत तपासते, तेव्हा विजेता ठरवते तोही पाहिलेल्या वेळेच्या वाट्यावर; नुसत्या क्लिकवर नाही.

१७.
आता बेरीज करू. वाढ १,२०० ची. त्यातले ८०० सर्चचे, यात्रेच्या खाती. १५० सजेस्टेडचे, शेजाऱ्याच्या खाती. इतरमधील २०० व्हॉट्सअ‍ॅपवर दुवा फिरल्याचे धरू. ती पाटी कोणी वाचलीच नव्हती, नातेवाइकाने पाठवले म्हणून उघडले. उरले ५०. शीर्षकाच्या खाती फार तर हे ५०, आणि तेही लवकर उठून जाणारे.

एकूण आकड्याकडे पाहून आम्ही ज्याला विजय म्हणालो, तो हा.

१८.
या पद्धतीच्या मर्यादाही सांगायला हव्यात. पहिली अशी की दारे पूर्ण वेगळी नाहीत. यात्रेच्या काळात ज्याने शोधून आमचा व्हिडिओ पूर्ण पाहिला, त्याच्या होम पानावर पुढच्या आठवड्यात आमचाच दुसरा व्हिडिओ येऊ शकतो. तो प्रेक्षक ब्राउझमध्ये मोजला जाईल, पण त्याचे मूळ सर्चमध्ये आहे. स्टुडिओ शेवटचे दार नोंदवते, पहिले कारण नाही. म्हणून सर्चची लाट ओसरल्यावर काही दिवसांनी ब्राउझ वाढलेला दिसला, तर तोही लगेच शीर्षकाच्या नावावर लिहू नये.

दुसरी मर्यादा छोट्या चॅनेलची. आमच्यासारख्यांच्या ब्राउझमध्ये सबस्क्रायबरच पुष्कळ असू शकतात. एखादा नवा व्हिडिओ प्रकाशित केला की ते परत येतात आणि जुनेही पाहतात. बदलाच्या आगेमागे काही नवे प्रकाशित झाले असेल, तर त्याची तारीख शेजारी लिहून ठेवावी.

१९.
म्हणून आम्ही आता एक साधी वही ठेवतो. व्हिडिओचे नाव, बदलाची तारीख, नेमके काय बदलले, जुने शीर्षक जसेच्या तसे, आणि त्या महिन्यात कोणता सण, चित्रपट किंवा बातमी होती. जुने शीर्षक लिहून ठेवणे विशेष महत्त्वाचे, कारण ते लिहिलेले नसेल तर मागे फिरायची वाट उरत नाही.

आणि बदलापूर्वीच एक वाक्य लिहायचे : हा बदल कोणत्या दारासाठी आहे? शीर्षकात गावाचे नाव आणले तर परिणाम सर्चमध्ये दिसायला हवा, तोही त्या नावाच्या शोधांत. थंबनेल बदलले तर ब्राउझ आणि सजेस्टेडमधील क्लिकदरात, आणि पाहण्याचा वेळ न घटता. परिणाम भलत्याच दारावर दिसला तर तो आपला नाही, असे आधी धरायचे आणि मग तपासायचे. आधी लिहिलेले वाक्य असले की नंतर सोयीची कथा रचता येत नाही.

२०.
धापेवाड्याच्या व्हिडिओचे शीर्षक आम्ही पुन्हा बदलले. आता ते आहे : «धापेवाडा : कोलबास्वामी आणि विदर्भाचे पंढरपूर». शोधणाऱ्यासाठी नाव आधी आहे, बाजारातून फिरणाऱ्यासाठी कुतूहल नंतर आहे, आणि आत जे सांगितले आहे तेच बाहेर लिहिले आहे. इतर व्हिडिओंवरची रहस्ये एकेक करून उतरवली. काहींची जुनी शीर्षके आठवेनात, कारण तेव्हा वही नव्हती.

बदल यात्रेपासून दूरच्या काळात केला. आता दोन सारखे, शांत महिने समोरासमोर ठेवता येतील. कदाचित कळेल की या शीर्षकानेही विशेष काही केले नाही. तसे निघाले तर वहीत तसेच लिहू.

मित्राने मध्यंतरी हिशेब पाहून विचारले, "मंग त्या १,२०० लोकांचं काय?"

ते आले होते हे खरेच. पण ते विठोबाला भेटायला निघाले होते. आमचे दुकान त्यांच्या वाटेत होते.